वरचे चार शब्द

माझी पत्नी जाऊन वर्ष व्हायला आलं तेव्हा मला कळलं की तिचं एक गाणं माझ्याकडून निसटत चाललं आहे.

ती आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेची, डोंगरातली. लग्न होऊन लोणीला आली, तरी भाताची लावणी करताना माहेरी बायका म्हणायच्या ते गाणं तिच्यासोबत आलं. इथे भात नाही. ती ते अंगण झाडताना म्हणायची, मेथी निवडताना म्हणायची. कुणी पाहतंय असं दिसलं की थांबायची, म्हणून फोनमध्ये ते कधी आलं नाही. शब्द मी फार पूर्वी वहीत उतरवून ठेवले होते. दोनच ओळी:

खाचरात पाणी उभं, माझी सावली मोडते,
आईच्या गं घराकडं वाट कुठली जोडते.

चाल मात्र वहीत उतरत नाही, आणि मला सूर नाही. मी सारी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. डोक्यात चाल होती, पण दिवसेंदिवस पुसट होत होती. तिच्याबरोबर लावणीला जाणाऱ्या बायकांपैकी आता कुणी नाही. वर्षश्राद्धाला तिचा भाऊ येणार होता. त्याआधी ती चाल कशीतरी धरून ठेवावी, एवढंच मनात होतं.

पेठला हमरस्त्यावर एका दुकानाच्या माडीवर छोटा स्टुडिओ आहे. तिथला मुलगा, मुलगा कसला, तिशी ओलांडलेला गृहस्थ, भजनी मंडळांची रेकॉर्डिंग करतो, रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती करतो. हल्ली लग्नाची गाणी तो एआयकडून बनवून घेतो. शब्द एका चौकटीत टाकायचे, गाणं कसं हवं त्याचं वर्णन, म्हणजे प्रॉम्प्ट, दुसऱ्या चौकटीत, असं त्याने फोनवर सांगितलं होतं. वर्णन मी घरून लिहून नेलं. फुलस्केप कागदाच्या दोन्ही बाजू.

त्याने कागद वाचला, उलटला, पुन्हा वाचला.

"सर, ह्यो प्रॉम्प्ट हाय का पत्रिका?"

खरंच तसंच होतं ते. आपल्याकडे कुठल्याही कागदाची सुरुवात जशी होते तशीच मी केली होती. वर कुलदैवताचं नाव, मग गाव, तालुका, माहेरचं घराणं, मग तिचा स्वभाव: मायाळू, सोशिक, आल्यागेल्याचं करणारी. मग आवाज गोड. ढोल नको, ताशा नको. सावकाश, एकटीने, वाद्यांशिवाय, हे सगळ्यात शेवटी, कागदाच्या मागच्या बाजूला.

"असंच टाकू?" त्याने विचारलं.

"असंच टाका."

त्याने ते इंग्रजीत करून चौकटीत चिकटवलं. चौकटीला अक्षरांची मर्यादा होती. माझ्या कागदाची मागची बाजू तिच्यात मावलीच नाही. बटण दाबल्यावर थोड्या वेळाने दोन गाणी आली. पहिल्यात देवळातली घंटा वाजली, मग ढोल, आणि पंधरावीस जणांचा कोरस 'माझी सावली मोडते' म्हणून ओरडू लागला. दुसऱ्यात झांजाही होत्या.

मी हात वर केला. त्याने बंद केलं. चहा मागवला.

"रागवू नका सर. त्याला वरचं जास्त समजतं. पयल्या चार-पाच गोष्टी घट्ट धरतंय, खालचं सुटत जातं. तुमी वर देव घातला, त्यानं देऊळ घातलं. अन् ढोल नको लिवलं, तरी त्याला ढोल ऐकू आला. नको असल त्याची वेगळी चौकट हाय, तिथं टाकू."

"मग हे स्वभावाचं?"

"मायाळूला कुठलं वाद्य वाजवनार ते? बाई कशी व्हती ते नका लिवू. काय ऐकू यायचं ते लिवा. अन् सगळ्यात म्हत्त्वाचं ते पयलं."

मी तिथेच, खिडकीशी बसून खोडायला लागलो. कुलदैवत खोडताना हात अडला. माहेरचं घराणं खोडलं. सोशिक खोडताना वाटलं, तिला घरातून बाहेर काढतो आहे. आयुष्यभर तिच्याबद्दल मी जे बोललो, दहाव्याला जे बोललो, त्यातलं बहुतेक सगळं गेलं. त्यातलं कानाला ऐकू येणारं काहीच नव्हतं.

उरलं ते आवाज गोड. मग तेही खोडलं. तिचा आवाज गोड नव्हता. गेलेल्या माणसाबद्दल लिहितात तसं मी लिहिलं होतं. तिचा आवाज घोगरा होता, खालचा, चुलीपुढे बसणाऱ्या बाईचा. तो मला आवडायचा, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

कागद परत दिला तेव्हा त्यावर एवढंच होतं: घोगरा, खालचा आवाज. एकटी प्रौढ बाई. वाद्य नाही. फार सावकाश. ओळीच्या मधेच श्वास घेते, कारण वाकलेली आहे.

"आता कसं!" तो म्हणाला. "फकस्त मराठी लोकगीत हे पार वर घेतो, न्हाईतर इंग्लिश बाई गायची एखादी. अन् वाकलेली त्याला कळनार न्हाई, ते काढतो. मधे श्वास ऱ्हाऊ दे."

ढोल, ताशा, घंटा, कोरस नकोच्या चौकटीत गेले. त्याने बटण दाबलं. पहिलं नुसतंच बरं होतं. दुसऱ्यात एक बाई, कुणीच नसलेली बाई, घोगऱ्या आवाजात म्हणू लागली आणि 'पाणी उभं' नंतर थांबून तिने श्वास घेतला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. रस्त्यावरून कांद्याचे टेम्पो जात होते.

"जमलं का सर?"

"श्वास जमला," मी म्हणालो. "चाल वेगळी आहे."

"चाल कशी सांगायची त्याला? तुमी गुनगुना, मी रेकॉर्ड करतो, त्यावरून बघू."

मी तोंड उघडलं. आत्ताच ऐकलेली चाल बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तीच. तो माझ्याकडे पाहत होता, मग त्याने स्क्रीनकडे पाहिलं.

वर्षश्राद्धाला, जेवणं झाल्यावर, मी मेव्हण्याला ते गाणं ऐकवलं. त्याने फोन कानाशी धरला. डोळे मिटले.

"दाजी, ही आमची बाय न्हाई."

"नाही. यंत्र आहे."

"पन वाकून म्हनल्यागत म्हनतीय." त्याने पुन्हा लावायला सांगितलं. मधेच मान हलवली. "हितं चुकलं बगा. हितं वर न्हाई जायाचं. खाली जायाचं." आणि तो म्हणाला, पहिली ओळ, जाड्या आवाजात, खाली जाणारी. तीच होती.

"पुढची?"

तो थांबला. ओठ हलले. त्याने फोनमधलं पुन्हा ऐकलं, चुकीचं कुठं आहे ते सापडावं म्हणून. "न्हाई," तो म्हणाला. "फोनातल्या हिचंच येतंय आता." मग म्हणाला, "पयली वळ तेवढी मोठ्यानं म्हनायची बाय. दुसरी लई हळू."

त्याची पहिली ओळ मी फोनमध्ये घेतली. स्टुडिओतलं गाणं त्याच दिवशी पुसलं. पण पुसून उपयोग झाला नाही. संध्याकाळी मेथी निवडायला बसतो तेव्हा पहिली ओळ तिची येते, खाली जाते, श्वास घेते. मग वाट बघतो. आईच्या घराकडं, एवढे शब्द येतात, आणि त्यांना चाल लावायला ती दुसरी बाई येते. म्हणून मी तिथेच थांबतो.