टिकलीनं फोटोत तोंड फिरवलं

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या बौद्ध घरात अंगारे-धुपारे कधी आलेच नाहीत, आणि मी परळीच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये काम करते. तरी सांगते... हसायचं तर हसा.

टिकली आमची कुत्री. काळी कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका. चौदा वर्षं माजलगावजवळच्या गावी अण्णांपाशी, म्हणजे माझ्या वडिलांपाशी राहिली. मी शिकत होते तेव्हा दर शनिवारी मला घ्यायला एसटीच्या फाट्यावर यायची. पुढं नोकरी, लग्न... माझं जाणं कमी झालं. तिचं फाट्यावर जाणं काही सुटलं नाही.

"बाई, टिकलीनं खाणं सोडलंय. लई दिस न्हाई काढायची. येऊन जा," अण्णांचा फोन आला. मी म्हणाले, प्रॅक्टिकल परीक्षा आहेत. साफ खोटं! नणंदेच्या साखरपुड्याच्या साड्या घ्यायच्या होत्या. रविवारी सकाळी टिकली गेली, अण्णांच्या मांडीवर.

दुपारी रडत रडत फेसबुकला पोस्ट लिहायला बसले. रडणं खरं होतं हो! आधी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, ते चौकातल्या बॅनरसारखं वाटलं म्हणून खोडलं. मग 'चौदा वर्षांच्या सोबतीसाठी थँक यू, बाळा' लिहिलं. तेवढ्यावर थांबायचं ना! पण खाली आणखी एक ओळ जोडली – 'शेवटचा श्वास माझ्या मांडीवर घेतलास.' फोटो एकच होता माझ्याकडं, फाट्यावरचा. टिकली थेट कॅमेऱ्यात बघतेय, ठिपका मधोमध. पांढरं हार्ट टाकलं आणि पोस्ट केली.

कमेंट येऊ लागल्या. 'किती नशीबवान तू, शेवटी जवळ होतीस.' मग मैत्रिणीनं विचारलं, 'अगं, पाठमोरा फोटो का टाकलास?' बघते तर काय... तोच फाटा, तेच पत्र्याचं शेड, पण टिकलीनं तोंड रस्त्याकडं फिरवलेलं. गॅलरीतल्या फोटोत मात्र ती माझ्याकडंच बघत होती. नेटवर्कचा घोळ म्हणून मी स्क्रीनशॉट काढून ठेवला.

तेवढ्यात अण्णांचा फोन. "बाई, फोटू बघितला. तिनं तोंड का म्हून फिरवलंय गं?"

मांडी कुणाची होती, ते त्यांनी विचारलंच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

फोन ठेवला आणि पोस्ट एडिट केली. फोटोला हात लावला नाही, फक्त ती ओळ खोडून लिहिलं, 'मी आले नाही, टिकली. तू अण्णांच्या मांडीवर गेलीस. मला बोलावलं होतं, मी खोटं बोलले. तरी चौदा वर्षं माझी वाट बघितलीस. माफ कर.'

सेव्ह करून बघितलं... ठिपका मधोमध. टिकली माझ्याकडं बघत होती.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. पुरावा मागाल, तर स्क्रीनशॉट आहे. त्यात ती अजून पाठमोरीच आहे. पण तो मी कुणालाच दाखवत नाही... त्या फोटोवर माझी ती ओळ पण आहे ना.