एकाच डिस्कच्या दोन खोल्या

सकाळी सर्व्हर सुरू होईना, आतून नुसती टकटक ऐकू येत होती. सायबर कॅफेवाल्याने तो चार वेळा बंद-चालू करून पाहिला आणि तिथेच घात झाला. डिस्कचं वाचणारं टोक दर वेळी चकतीवर घासत गेलं.

शहरातल्या दुरुस्तीवाल्याने डिस्क उघडून दाखवली. "चकती खरवडलीय. आता काही निघणार नाही."

"पण सगळ्याची दुसरी प्रत डी ड्राइव्हमध्ये आहे की," कॅफेवाला म्हणाला.

"सी काय नि डी काय, एकाच डिस्कचे भाग, काका. घर जळलं की दोन्ही खोल्या जळतात."

सरकारी साइट उघडायची वाट बघत शेजाऱ्यांचे चाळीस अर्ज स्कॅन होऊन त्या डिस्कवर पडले होते. कॅफेवाला दारोदार सांगत फिरला. बहुतेकांनी चार शब्द सुनावले आणि मूळ कागद पुन्हा काढून दिले.

शेवटचं घर शिवणकाम करणाऱ्या मावशीचं. तिच्या अर्जावर नवऱ्याची सही होती, आणि तो गेल्या महिन्यात वारला होता.

तिने सगळं शांतपणे ऐकलं. "कागद तूच फाडायला लावलास. म्हणालास, मावशी, घरात पसारा कशाला, अर्ज माझ्याकडे कायमचा राहील."

त्याने पिशवीतून कोरा अर्ज काढून तिच्यापुढे ठेवला.

"अर्ज मी पुन्हा भरते," ती म्हणाली. "त्यांची सही तेवढी तू आण."