आभाराच्या जेवणाला न आलेला माणूस

काय काम करतेस असं कुणी विचारलं की ओतीलिया म्हणायची, "माणसं मागते." समोरचा हसायचा. तिला काही हसू यायचं नाही, कारण ते खरंच होतं.

पोर्तुगालातल्या सेतुबालच्या बंदराजवळ, मासे डब्यात भरायचा जुना कारखाना होता त्याच्या मागच्या गल्लीत 'शेजारची चूल' नावाची संस्था आहे. तिथं पगारी माणसं दोनच, स्वयंपाक करणारा तोमे आणि ओतीलिया. बाकी सगळा गाडा फुकट राबणाऱ्यांच्या खांद्यावर. तोमे मोठ्या पातेल्यात कोबी-बटाट्याचं सूप शिजवायचा, सोबत ब्रेड आणि जे असेल ते. डबे भरले की स्वयंसेवक ते एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी नेत. डबा ठेवला आणि पळालं, असं चालायचं नाही. अर्धा तास बसायचं, गप्पा मारायच्या. ओतीलिया नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगायची, "सूप हे निमित्त आहे. बसणं हे काम आहे."

नवी माणसं मिळायचीही. सप्टेंबर लागला की ती रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या दारात आणि मंडईच्या कोपऱ्यावर टेबल मांडायची. लोक यायचे, डोळ्यांत पाणी आणून नाव द्यायचे. मग खरी गंमत सुरू व्हायची. म्हाताऱ्यांच्या घरात पाठवायचं म्हणजे पोलिसांचा दाखला हवा, विमा हवा, आणि पहिल्या तीन खेपा जुन्या माणसाबरोबर जायला हवं. दाखला येईपर्यंत निम्म्यांचा उत्साह मावळलेला असे. उरलेल्यांत विद्यार्थी पुष्कळ. ते फार गोड असायचे आणि परीक्षा आली की हातावर तुरी देऊन पसार व्हायचे. ऑगस्टात तर अख्खं शहर समुद्राकाठी किंवा गावी जातं, आणि म्हातारे तेवढे जागच्या जागी राहतात.

त्यात तिथल्या लोकांची एक रीत होती. तोंडावर नाही कुणीच म्हणायचं नाही. "मंगळवारी जाल का?" असं विचारलं की उत्तर यायचं, "बघू, देवाच्या मनात असेल तर." ओतीलियाला इतक्या वर्षांत कळून चुकलं होतं की देवाच्या मनात ते नसतंच. फोनवरच्या गटात तिनं हाक घातली की लाल बदामांचा पाऊस पडायचा आणि माणूस एक येत नसे. सगळ्यांना विचारणं म्हणजे कुणालाच न विचारणं, हे तिला पाठ होतं. म्हणून ती एकेकाला फोन करी. आणि सगळे फोन संपले की शेवटचा फोन बेल्मीरूला.

बेल्मीरू गोदीत वेल्डर होता. निवृत्त झाला, बायको गेली, आणि एका गुरुवारी तो टोपी हातात धरून संस्थेच्या दारात उभा राहिला. "गुरुवारी मी रिकामा असतो," एवढंच म्हणाला. ओतीलियानं त्याला टेकडी दिली. टेकडी कुणालाच नको असे. किल्ल्याखालच्या त्या वस्तीत गाडी जात नाही, नुसत्या पायऱ्या. वर चार घरं, आणि सगळ्यात वर डोना इदालिना, जी अनोळखी माणसाला दार उघडत नाही. त्याला मात्र उघडायची.

मग मंगळवारचा विद्यार्थी गेला आणि मंगळवारही बेल्मीरूकडे आला. तात्पुरता. कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणाचं पोर आजारी पडलं, कुणाला कंटाळा आला, की फोन जाई. "सेन्योर बेल्मीरू, उद्याची टेकडी तुमचीच ना?" तो म्हणायचा, "हो, चालेल." पुढं पुढं तर ती महिन्याचं वेळापत्रक लावताना रिकाम्या चौकोनांत आधी त्याचं नाव घाली आणि फोन मागाहून करी. जो बैल ओढतो त्याच्याच मानेवर जू, ही जगाची रीत, आणि ओतीलिया काही जगावेगळी नव्हती. नव्या पोरीबाळींना ती फोन करून विचारी, कसं वाटतंय, काही अडतंय का. बेल्मीरूला काय विचारायचं? तो तर आपला होता.

दर जूनमध्ये, सगळे पांगायच्या आधी, संस्था स्वयंसेवकांना आभाराचं जेवण घाली. शनिवारी दुपारी अंगणात तोमे कोळशावर तारली मासे भाजायचा, वाईन असायची, ओतीलिया एकेकाचं नाव घेऊन दोन शब्द बोलायची. टाळ्या, फोटो. यंदाही झालं. ती घरी आली तेव्हा पाय सुजले होते, पण बरं वाटत होतं. विद्यार्थ्यांतल्या लेओनोरनं तर मिठी मारून सांगितलं होतं की पुढच्या वर्षी नक्की येईन. "बघू" नव्हती म्हणाली ती.

सोमवारी सकाळी बेल्मीरूचा फोन आला. तो स्वतःहून कधीच फोन करत नसे.

"डोना ओतीलिया, पुढच्या महिन्यापासून माझं नाव घालू नका."

"कुठल्या दिवशी?"

"कुठल्याच."

नवा माणूस आत्ता मिळाला तरी दाखला, तीन खेपा, सगळं होऊन टेकडी चढेपर्यंत शरद ऋतू येणार. तोवर वरची चार घरं? आणि इदालिनाबाईंचं दार? ती डबे भरायचं काम तोमेवर टाकून सरळ बेल्मीरूच्या घरी गेली. वाटेत तिनं सगळी वाक्यं जुळवली. फक्त सप्टेंबरपर्यंत. तुमच्यासारखं कोण आहे. म्हातारी काय म्हणेल. ही वाक्यं तिनं इतक्यांवर वापरली होती की ती आपोआप जुळत.

त्यानं दार उघडलं, स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी केली.

"पाय दुखतात का?" तिनं विचारलं.

"पाय दुखतातच. म्हणून नाही."

"कुणी काही बोललं?"

"नाही हो." त्यानं साखर पुढं सरकवली. "तारल्या कशा होत्या यंदा?"

"चांगल्या होत्या. का?"

"तोमे म्हणाला, गेल्या वर्षीपेक्षा लठ्ठ होत्या. मला गेल्या वर्षीच्याही माहीत नाहीत. त्याच्या आधीच्याही नाहीत."

ओतीलियाला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं, आणि कॉफीचा घोट तोंडातच राहिला. शनिवारी डबे दुपारी जातात. जेवणाच्या दिवशीही म्हाताऱ्यांना खायला लागतंच. खालच्या वस्तीत गाडी जाते, तिथले दोघं-तिघं आळीपाळीनं डबे टाकून उशिरा का होईना जेवायला येऊन पोचत. टेकडी मात्र दर वर्षी एकाच माणसाकडे. पायऱ्या उतरून तो परत येईपर्यंत तोमे जाळी घासत असायचा.

"ठेवलेल्या असतात तुमच्यासाठी," ती म्हणाली. म्हणताना तिलाच लाज वाटली.

"असतात. कागदात गुंडाळून, गार. मला तारल्यांचं काही नाही, डोना ओतीलिया. घरी भाजून खातो मी. पण दर वर्षी तुमचं पत्र येतं, 'तुमच्यासाठी जेवण आहे, अवश्य या.' मी शर्टाला इस्त्री करतो. आणि दुसऱ्या दिवशी तुमचा फोन येतो, 'शनिवारी टेकडी तुमचीच ना?'"

"तुम्ही एकदा तरी नाही म्हणायचं होतंत."

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही सांगता. विचारल्यासारखं सांगता."

हे तो रागानं म्हणाला नाही. रागानं म्हणाला असता तर तिला सोपं गेलं असतं. जुळवलेली वाक्यं तिच्या जिभेवर होती, आणि तिला ठाऊक होतं की ती वापरली तर हा माणूस आत्ताही "हो, चालेल" म्हणेल. सप्टेंबरपर्यंत टेकडीचा प्रश्न सुटेल. आणि मग एक दिवस तो पायऱ्यांवरच बसून राहील.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "आभाराच्या दिवशीही तुम्हाला कामाला लावलं. आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही."

तो कपातल्या गाळाकडे बघत बसला.

"आता विचारते," ओतीलिया म्हणाली. "खरंखुरं विचारते, नाही म्हणालात तरी चालेल. मंगळवार पुढं कराल का?"

त्यानं टेबलावरचा ब्रेडचा चुरा बोटानं गोळा केला.

"नाही," तो म्हणाला.

म्हणताना त्याच्या कपाळावर घाम आला होता. ओतीलियानं इतक्या वर्षांत या शहरात कुणाच्या तोंडून असं सरळ 'नाही' ऐकलं नव्हतं. तिला रडू येईलसं वाटलं, आणि त्याच वेळी खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखंही वाटलं.

"बरं," ती म्हणाली. "आणि गुरुवार?"

"विचारलंत म्हणून सांगतो, गुरुवार माझाच आहे. मी गुरुवारसाठीच आलो होतो. इदालिनाबाईंबरोबर पत्ते खेळतो, त्या लबाडी करतात." तो जरासा हसला. "पण कुणी आजारी पडलं तर मला फोन नको."

"नाही करणार. आणि पुढच्या जूनमध्ये टेकडी मी चढेन. तुम्ही अंगणात बसायचं."

"बघू," बेल्मीरू म्हणाला.

परत आल्यावर तिनं तोमेला सगळं सांगितलं. तोमे म्हणाला, "मग मंगळवारी वर कोण जाणार?" ती म्हणाली, "कुणी नाही." सोमवारी टेकडी चढणारी, ओळखीची झालेली मुलगी जास्तीचा डबा नेऊन ठेवील, मंगळवारी दुपारी ओतीलिया फोन करून विचारपूस करील, आणि माणूस मिळेपर्यंत मंगळवार रिकामा राहील. रिकाम्या जागेला रिकामी म्हणायचं, हे तिनं आजवर कधी केलं नव्हतं. दर वेळी कुणाला तरी कोंबून ती भरलेली दाखवली होती.

मग ती एकेका घरी फोन लावत बसली. पहिल्या दोघांनी ऐकून घेतलं. तिसरा रागावला, आणि त्याचं रागावणं बरोबरच होतं. डोना इदालिनाला तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

"पुढच्या महिन्यापासून मंगळवारी कुणी येणार नाही, डोना इदालिना. सेन्योर बेल्मीरू थकलेत."

"हे तुम्हाला आज कळलं?" म्हातारी म्हणाली. "मंगळवारी तो डबा ठेवतो, खुर्चीत बसतो आणि बसल्या बसल्या झोपतो. मी टीव्हीचा आवाज बंद करते. अर्ध्या तासानं उठवते, नाहीतर खालच्या घरचं सूप गार होतं."

"मला सांगायचं नाही का?" ओतीलिया म्हणाली.

"मला काय माहीत? मला वाटलं, जरा विसावा मिळावा म्हणून तुम्हीच त्याला माझ्याकडे पाठवता. म्हटलं, चला, कुणीतरी त्याच्याकडे बघायला नको का. मंगळवारी झोपू द्या त्याला घरी. सूप मी सोमवारचं गरम करून घेईन."