मागच्या बाकांचा नकाशा

राग मी विसरत नाही. लोक म्हणतात, जाऊ दे, झालं गेलं. का जाऊ द्यायचं?

नव्वदीच्या सुरुवातीला मी जुन्नरला डी.एड. करत होते. तिथल्याच एका शाळेत आमचे सराव पाठ चालायचे. एकानं वर्गावर पाठ घ्यायचा, दुसऱ्यानं मागं बसून निरीक्षण लिहायचं. आमच्या डी.एड.च्या बाईंची एक रीत होती. ज्याचा पाठ, त्यानंच आपल्याबद्दलचं निरीक्षण सगळ्यांपुढं उभं राहून वाचायचं. दुसऱ्यानं वाचलं की माणूस ऐकल्यासारखं करतो, असं त्या म्हणायच्या.

माझ्या पहिल्या पाठाला मागं बसला होता आमच्या वर्गातला हुशार म्हणवणारा एकजण. पुण्याच्या रेडिओसारखं बोलायचा. पोरं माझ्या पाठाला मस्त बोलत होती, मीही त्यांच्याशी बोलत होते, तोंडातून 'व्हतं' गेलं, 'लई' गेलं. त्यानं लिहिलं : भाषा ग्रामीण. शिक्षकाला शोभत नाही.

ते मला माझ्याच तोंडानं वाचावं लागलं. 'ग्रामीण'पाशी मी थांबले. तर हा जागेवरून शांतपणे म्हणाला, "पुढचं पण वाचा."

वर्ग हसला. मेल्याचं गाव आमच्या लोणी गावापासून हाकेवर. घरी हाही 'व्हतं'च म्हणत असणार! त्या दिवशी मी ठरवलं, याला इथंच, याच वर्गापुढं, असंच उभं करायचं. त्यानंतर पाठांपेक्षा मी निरीक्षणाच्या यादीत माझं नाव त्याच्यापुढं कधी येतंय तेच बघत होते.

आलं एकदाचं. चौथीचा वर्ग, परिसर अभ्यास, बाष्पीभवन. मी मागच्या भिंतीला टेकून बसले आणि पानभर विष ओकलं. गर्विष्ठ. मुलांशी देणंघेणं नाही. स्वतःचंच ऐकत होता. लिहिताना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

बाईंनी पान वाचलं आणि परत दिलं.

"हे तुला वाटलं. दिसलं काय?"

मी काहीतरी पुटपुटले. त्या म्हणाल्या, राग असू दे, पण मला बाकं दाखव. कुणाला विचारलं, कुणी उत्तर दिलं, ते दाखव. आणि पुढच्या वेळी त्यानं काय करावं ते सांगितलंस तरच हे निरीक्षण, नाहीतर नुसतं भांडण.

धुसफुसत मी वर्गाची बाकं कागदावर काढली. ज्या ज्या पोराला प्रश्न गेला होता तिथं टिंब दिलं. सगळी टिंबं पुढच्या दोन रांगांत पडली. मागं वाड्यावस्त्यांवरनं चालत येणारी पोरं बसायची, तिथला कागद कोराच राहिला. प्रश्न विचारून हा थांबतही नव्हता, उत्तर स्वतःच देऊन टाकायचा. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. माझ्या शिव्यांपेक्षा हे कितीतरी वाईट दिसत होतं. खाली लिहिलं : मागच्या रांगांना विचारावं. विचारून थांबावं. ओल्या कपड्यांसारखं घरातलं उदाहरण घ्यावं.

त्याला ते वाचावं लागलं. कागद दाखवताना त्याचा चेहरा उतरला, पण सावरला गडी. बाईंनी हाच पाठ दुसऱ्या तुकडीवर परत घ्यायला सांगितलं आणि निरीक्षणाला मलाच बसवलं.

या वेळी तो मागं गेला. शेवटच्या बाकावरच्या पोरीला विचारलं, "ओल्या वस्त्रातील पाण्याचे काय होते?" पोर शेजारच्याकडं बघायला लागली. माझ्या सूचनेप्रमाणं तो थांबला. थांबला, घामाघूम झाला. बाई बघत होत्या, मी बघत होते. शेवटी तो तिच्या बाकाशी वाकला.

"अगं, दोरीवं धुणं घातलं व्हतं, ते वाळलं. मंग त्यातलं पानी कुठं ग्येलं?"

"उन्हानं वर न्येलं," पोरगी म्हणाली. शेजारचा म्हणाला, चुलीवरच्या पातेल्यातनं पण जातं. मागची बाकं बोलायला लागली आणि तास संपेपर्यंत थांबली नाहीत. पाठ चांगला झाला. मला तो चांगलाच व्हायला हवा होता.

दुपारी तो माझं निरीक्षण घेऊन सगळ्यांपुढं उभा राहिला. पहिल्या ओळी घडाघडा वाचल्या : मागच्या रांगांना प्रश्न विचारले. उत्तरासाठी थांबले. मग आवाज खाली आला.

"भाषा ग्रामीण."

तो थांबला. मान वर करून माझ्याकडं बघितलं. कान लाल झाले होते. पुढं लिहिलं होतं : म्हणून मुलं बोलली. यापुढं सुरुवातीपासून हीच वापरावी.

मी जागेवरून हललेसुद्धा नाही.

"पुढचं पण वाचा," म्हणाले.