दहा पट्ट्यांचं अंतर

सकाळी पावणेनऊला, प्रयोगाच्या काचा पुसताना, निजामोद्दीन चाचांचा शेवटचा केस तुटला.

राजकन्याबाई दोन तुकडे हातात धरून उभ्या राहिल्या. कंधारच्या या कॉलेजात त्या नऊ वर्षांपासून भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहेत. नोकरी कंत्राटी, दर जूनला नवा आदेश. रेणापूर तालुक्यातून लग्न होऊन आल्या तेव्हा जेमतेम दहावी झालेल्या. जे येतं ते आधीचे परिचर असलेल्या चाचांनी शिकवलेलं. निवृत्त होताना चाचा कागदाच्या पुडीत स्वतःचे सहा केस ठेवून गेले होते. "बेटी, केस बदलला की उत्तर बदलतं. संभाल के."

प्रयोगात काढायच्या केसाच्या जाडीचं उत्तर विभागाच्या वहीत कायमचं लिहिलेलं होतं : ०.०६२ मिलिमीटर. परीक्षक वही बघून गुण देत. मुलंही जुन्या जर्नलातून तोच आकडा उतरवून आणत.

गेल्या वर्षी बाईंच्या हातून एक लोलक फुटला होता. विभागप्रमुख संगमेश्वर सर तेव्हा आवाज न चढवता म्हणाले होते, "बाई, आता काहीही बिघडलं तर जूनचा आदेश विसरा."

परीक्षा साडेनऊला. बाईंनी वेणीतला एक केस उपटला. सकाळीच तेल लावलेलं. तेल काचांमध्ये शिरलं तर पट्ट्या दिसेनाशा होतात, म्हणून स्पिरिटच्या बोळ्याने केस दोनदा पुसला. एक काच दुसरीवर ठेवली, एका कडेला चिकटवून धरली, त्या कडेपासून पाच सेंटिमीटरवर केस सरकवला. मधे हवेची पाचर तयार झाली. सोडियमचा दिवा पिवळा व्हायला पाच मिनिटं लागली. सूक्ष्मदर्शकात डोळा लावला, तर पिवळ्या-काळ्या पट्ट्या सरळ, स्वच्छ. पण दाट. चाचांच्या केसापेक्षा दाट.

पाचर जाड झाली की पट्ट्या जवळ येतात, एवढं त्यांना कळत होतं. सांगावं तर नोकरी. न सांगावं तर काय, मुलं वहीतलंच तर लिहिणार.

त्या टेबलाची चिठ्ठी सदफने उचलली. सगळ्या वर्गात हीच एक पोरगी खरोखर मोजणारी.

सदफने दहा पट्ट्यांचं अंतर घेतलं. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं आणि हळूच हाक मारली, "मौसी, दहा पट्ट्या एक पूर्णांक आठ मिलिमीटरात बसून राहिल्या. दोन पूर्णांक अडतीस यायला पाहिजे ना?"

"मला काय इचारतीस? दिसतंय ते लिही."

बोलून गेल्या आणि जीभ चावली. सदफने गणित मांडलं : दिव्याच्या प्रकाशाची तरंगलांबी गुणिले कडेपासून केसापर्यंतचं अंतर, भागिले पट्टीच्या रुंदीची दुप्पट. केसाची जाडी ०.०८२ मिलिमीटर.

लातूरहून आलेले बहिःस्थ परीक्षक रुद्रेश सर वही आणि उत्तरपत्रिका शेजारी धरून उभे राहिले. "एवढा फरक? पट्ट्या मोजायला चुकलीस. निरीक्षणाचे गुण जातील."

"सर, तीनदा मोजल्या."

"मग तीनदा चुकलीस." त्यांनी लाल पेन उघडलं. संगमेश्वर सर मागेच उभे होते.

बाईंना कपाटाजवळून सगळं दिसत होतं. दुपारपर्यंत गप्प राहिलं तर संपलं, जून मिळाला. पेन कागदाला टेकलं.

"सर, पोरीचं बरोबर हाय."

सगळे वळले. बाई कपाटाजवळून पुढे आल्या. "चाचांचा केस सकाळी तुटला. आत माझा हाय. सांगितलं न्हाई. भ्याले."

संगमेश्वर सरांचा चेहरा ताठ झाला. रुद्रेश सरांनी एकच विचारलं, "तेल?"

"स्पिरिटनं पुसलं, सर. दोनदा."

त्यांनी जाडी मोजायचा स्क्रूगेज मागितला. बाईंनी वेणीतला आणखी एक केस तोडला, पुसला, दिला. स्क्रूगेजचे जबडे केसाला टेकले. ०.०८.

"हे यंत्र मिलिमीटरचा शंभरावा भाग सांगतं. हिच्या पट्ट्यांनी हजारावा सांगितला," रुद्रेश सर म्हणाले आणि पेन बंद केलं. मग वर्गाकडे बघून, "याआधी या टेबलावर बसलेल्या किती जणांनी मोजलं होतं?"

संगमेश्वर सरांनी वही ओढली, जुना आकडा खोडून ०.०८२ लिहिला, तारीख टाकली, सही केली. बाईंकडे बघितलं नाही.

संध्याकाळी काचा डबीत ठेवून बाईंनी आपले सहा केस पुसून पुडीत बांधले आणि पुडीवर आकडा लिहिला.

जूनचा आदेश अजून आलेला नाही. रोज डाक आली की बाई कार्यालयाच्या दारापर्यंत जातात, आत मात्र जात नाहीत.