उद्यामास्तरांची शेवटची तारीख

शिंप्याच्या धंद्यात तारीख ही बोलायची गोष्ट असते, पाळायची नव्हे. हे आमच्या टेलरमास्तरांचं मत होतं आणि त्यावर त्यांचं दुकान वर्षानुवर्षं चाललं होतं. पावतीवर मंगळवार लिहायचा, मनात शुक्रवार धरायचा आणि गिऱ्हाईक दारात आलं की गळ्यातला टेप नीट करत म्हणायचं, "उद्या. फक्त बटणं राहिलीत." बटणं बिचारी बदनाम. कोटाला अजून बाही लागलेली नसायची. पण मास्तरांचा हात असा, की माणूस शिव्या देत जायचा आणि पुढचं कापड घेऊन त्यांच्याकडेच यायचा. गल्लीत त्यांना सगळे उद्यामास्तर म्हणत. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे, उलट थोडा अभिमानच होता.

काजं-बटणं मात्र खरंच वेळेवर होत, कारण ती मास्तरीणबाई करत. दोघांचा संसार दुकानामागच्या एका खोलीत होता. चूल, कपाट, पलंग आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या थप्प्या, सगळं एकात एक. बाईंना आयुष्यात एकच हौस होती, दार लावून घेता येईल असं स्वयंपाकघर. घराच्या सोडतीचा अर्ज त्यांनीच भरायला लावला होता, दोघांच्या नावाने. तिसऱ्या वर्षी नाव लागलं. बाई नुसत्या पलंगावर बसून राहिल्या आणि त्यांनी दोनदा डोळे पुसले.

गृहनिर्माण मंडळाचं, घर देऊ केल्याचं देकारपत्र आलं. पहिला हप्ता इतक्या तारखेपर्यंत, उरलेली रक्कम इतक्या तारखेपर्यंत. पहिल्या हप्त्याला मास्तरांनी आपल्या सवयीने उशीर केला. मंडळाने व्याज लावलं आणि पैसे घेतले. इथेच घात झाला. मास्तरांना वाटलं, हे तर आपल्याच जातकुळीचे. तारीख लिहितात मंगळवारची, धरतात शुक्रवार.

उरलेल्या रकमेसाठी बँकेने कर्ज मंजूर केलं, तेही वेळेत. फक्त पैसे सोडण्यापूर्वी बँकेला मंडळाचं ना हरकत पत्र हवं होतं. त्यासाठी मंडळात एक साधा अर्ज द्यायचा होता. बाईंनी आठवण करून दिली, की मास्तर म्हणत, "उद्या देतो. लग्नाचे कोट आहेत हातात." कोट गेले, तारीख गेली, सवलतीची मुदतही गेली. मग एक दिवस पोस्टमनने पाकीट दिलं. रक्कम मुदतीत न भरल्याने सदनिकेचं वितरण रद्द करण्यात येत आहे.

त्याच महिन्यात दुकानमालकाने मागची खोली गोदामासाठी परत मागितली होती. म्हणजे आता घर मिळालं नाही, तर बाईंच्या धाकट्या दिराच्या घरी, त्याच्या बैठकीच्या खोलीत पथारी. मास्तरांनी कापता कापता कात्री पहिल्यांदाच खाली ठेवली.

भाचा एका ऑफिसात टायपिंग करायचा. तो धावून आला. "मामा, काळजी सोडा. असे अर्ज मी डोळे मिटून लिहितो." त्याने लिहिलंही. विषय, सदनिकेचे रद्द झालेले वितरण पूर्ववत करण्याबाबत. महोदया, मी त्या काळात हृदयविकाराने अंथरुणाला खिळून होतो, घराबाहेर पाऊलही टाकू शकलो नाही. ओळखीचा डॉक्टर दाखला देणार होता.

मामींनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "अंथरुणाला खिळले होते, मग कर्जाच्या कागदावर बँकेत जाऊन सह्या कोणी केल्या? मी?"

"ते मंजुरीपत्र जोडायचंच नाही, मामी."

"आपल्या बाजूचा तेवढा एकच कागद आहे. पैसे तयार होते हे दाखवणारा. तो लपवायचा आणि खोटं आजारपण दाखवायचं? खिसा उसवून अस्तर लावण्यातला प्रकार झाला हा."

भाचा म्हणाला, "मग कारण काय लिहू? मामा आळशी आहेत, म्हणून?"

मास्तर खाली मान घालून खडूने टेबलावर रेघा ओढत होते. बायकोसमोर इतकं लहान त्यांना कधीच वाटलं नव्हतं. मग खडू ठेवून म्हणाले, "लिही. मी शिंपी आहे, तारखा देणं हा माझा धंदा आहे. मंडळाची तारीख मी माझ्या तारखेसारखी समजलो. कर्ज मंजूर होतं, ना हरकतीचा अर्ज देण्यात दिरंगाई माझी झाली. व्याज भरायला तयार आहे." मग म्हणाले, "आणि लिही, बायकोने आठवण करून दिली होती. तिचा दोष नाही."

पत्रावर दोघांच्या सह्या झाल्या. बँकेचं मंजुरीपत्र जोडलं. आवक खिडकीवर शिक्का घेतला आणि सुनावणीची वाट पाहणं सुरू झालं. त्या दिवसांत मास्तरांनी एकही कपडा वेळेत दिला नाही, पण कारण वेगळं होतं. कापड समोर असायचं आणि लक्ष पोस्टमनकडे.

सुनावणीला अधिकारी बाई होत्या. त्यांनी पत्र वाचलं. मधेच त्यांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. "तारीख दिसली होती ना, मास्तर?"

"दिसली होती, मॅडम. खरी वाटली नाही."

अधिकारी बाईंनी फाईल उलटली. कर्जाची मंजुरी मुदतीच्या आतली होती. प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला ते घर अजून देऊ केलेलं नव्हतं. "आणखी थोडा उशीर केला असतात, तर ते घर दुसऱ्याचं झालं असतं. मग मी काही करू शकले नसते. आता एक संधी देते. आदेशात लिहिलेल्या तारखेपर्यंत सगळी रक्कम व्याजासकट. पुन्हा मुदतवाढ नाही." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आणि ही तारीख शिंप्याची नाही."

आदेश हातात पडला. आता हवं होतं ते ना हरकत पत्र. ते खालच्या मजल्यावरचा कारकून देणार होता. त्याने आदेश पाहिला, जांभई दिली आणि म्हणाला, "होऊन जाईल. उद्या या. फक्त सहीच राहिलीय."

मास्तर जागच्या जागी उभे राहिले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. हेच शब्द, हाच सूर, हीच बेफिकिरी. आतला कागद अजून टाइपसुद्धा झालेला नाही, हे त्यांना कारकुनापेक्षा चांगलं कळलं.

"साहेब," ते हात जोडून म्हणाले, "तुमचा राग नाही. पण हा उद्या मी जन्मभर लोकांना दिलाय. मी इथेच बसतो."

दोघं समोरच्या बाकावर बसली. बाईंनी पिशवीतून एक शर्ट काढून काजं करायला घेतली. कारकून जेवून आला, ती तिथेच. चहा पिऊन आला, तिथेच. मास्तर भिंतीला टेकून म्हणाले, "आपल्या दारात लोक असेच बसायचे, नाही का?"

"हो," बाई सुईवरची नजर न काढता म्हणाल्या. "मीच त्यांना पाणी द्यायचे."

मास्तरांचे डोळे भरून आले. 

ऑफिस बंद व्हायच्या सुमाराला कारकुनाने हाक मारली. कागद तयार होता, सही-शिक्क्यासह. बँकेने पैसे मंडळाकडे वळते केले ते तारखेच्या कितीतरी आधी, आणि यथावकाश ताबापत्र नि किल्ली हातात आली.

घर रिकामं होतं, भिंतींना नव्या रंगाचा वास होता. बाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. मास्तर बाहेर उभे राहिले. बराच वेळ दार उघडलं नाही. शेवटी त्यांनी हळूच टकटक केली. "अगं, सामान कधी आणायचं? उद्या टेम्पो सांगू?"

आतून आवाज आला, ओला पण ठाम. "आज."

मास्तर टेम्पो बघायला जिना उतरले.