ओला गठ्ठा

इस्पितळाच्या तळमजल्यावर, निर्जंतुकीकरण विभागात, ताईंचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू यायचा. ऑपरेशनची हत्यारं धुऊन, मोजून, कापडात बांधून वाफेच्या यंत्रात घालायची, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. तोंडाने फटकळ, एक घाव दोन तुकडे. पण हातात पेन आलं की याच बाईची गोगलगाय व्हायची.

चार वर्षांपूर्वी याच गोगलगायीने एका पोराचा घात केला होता. तोंडाने रोज झापलं आणि प्रोबेशनच्या तिमाही शेऱ्यात लिहिलं काय, तर 'समाधानकारक'. सहा महिन्यांनी त्याला घरी पाठवलं. तो कागद घेऊन आला. "ताई, इथे तर समाधानकारक लिहिलंय. मला आधी कळलं असतं तर सुधारलो असतो ना?" तो प्रश्न ताईंना अजून खुपत होता.

आता नव्या मुलीचे तीन महिने भरले होते. तिला सगळे 'वादळ' म्हणायचे. हात असे चालायचे की बघणाऱ्याचे डोळे थकावेत, आणि हत्यारांची मोजणी एकदाही चुकली नव्हती. पण घाई! गठ्ठा यंत्रातून निघाला की जाळीच्या गाडीवरच निवू द्यायचा असतो. गरम गठ्ठा थंड पत्र्यावर टेकवला की आत पाणी सुटतं, आणि ओल्या कापडातून जंतू आत शिरतात. मग सगळं पहिल्यापासून. वादळाने हेच केलं होतं.

"ताई, लिहा समाधानकारक आणि मोकळ्या व्हा," कर्मचारी विभागाचे साहेब फोनवर म्हणाले. "उगीच पोरीचं मन कशाला मोडता?"

"मन आत्ता मोडलं तर जोडता येईल, साहेब. सहा महिन्यांनी नोकरी मोडली तर कोण जोडणार?" ताईंनी फोन ठेवला आणि लिहायला बसल्या. आधी मोजणीचं कौतुक लिहिलं. मग तीन तारखा टाकून तीन ओले गठ्ठे. मग, गठ्ठा पूर्ण निवल्याशिवाय हात लावायचा नाही. ओला निघाला तर तत्काळ सांगायचं. दर सोमवारी मी शेजारी उभी राहीन, महिन्याने पुन्हा बसू. शेवटचं वाक्य लिहिताना पेन जड झालं: 'यात बदल झाला नाही तर कायम करण्याची शिफारस मी करणार नाही.'

वादळाने वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"माझ्या पगारावर भावाचं शिक्षण चाललंय, ताई."

"म्हणून तर आज सांगतेय, बाई. अजून तीन महिने आहेत तुझ्या हातात."

खाली 'कर्मचाऱ्याचं म्हणणं' अशी जागा होती. तिथे तिने लिहिलं: 'दोन मान्य. तिसऱ्या तारखेला माझी सुट्टी होती.'

ताईंनी नोंदवही काढली. खरंच की! तो गठ्ठा दुसऱ्याच कुणाचा. ताईंनी तिसरी तारीख खोडली, शेजारी सही केली आणि सरळ म्हणाल्या, "चुकलं माझं." मग एक प्रत तिच्या हातात दिली.

महिन्याने दोघी पुन्हा बसल्या, तेव्हा नोंदवहीत तिचा एकही ओला गठ्ठा नव्हता. ताईंनी तसं लिहून सही केली. नोकरीच्या पाचव्या महिन्यात मात्र कसोटी लागली. ऑपरेशन थिएटरमधून सिस्टरचा फोन आला, "हत्यारांचा संच आत्ताच्या आत्ता वर पाठवा!" गाडीवरचे गठ्ठे अजून वाफाळत होते. सिस्टर ओरडत होती, ताईंचं डोकं फिरलं, आणि त्यांचाच हात गाडीकडे गेला.

वादळ मध्ये उभी राहिली.

"नाही, ताई. निवलेला नाही."

"सरक बाजूला! वर पेशंट टेबलावर आहे!"

"कपाटात सकाळचा दुसरा संच आहे, कोरडा. मी मोजलाय. तो नेते." आणि धावत जिना चढलीसुद्धा.

ताई तिथेच उभ्या राहिल्या. सव्वीस वर्षांत कुणी त्यांचा हात अडवला नव्हता. राग यायला हवा होता. पण चष्मा पुसायचं निमित्त काढून डोळे टिपावे लागले. संध्याकाळी त्यांनी हेही शेऱ्यात लिहिलं, स्वतःच्या हाताच्या चुकीसकट.

सहावा महिना भरला. साहेबांचा शिपाई कायम करण्याबाबतच्या निर्णयाचा बंद लिफाफा देऊन गेला. वादळाने तो एप्रनच्या खिशात घातला आणि गाडीजवळ जाऊन उभी राहिली.

"अगं, उघड ना! माझाच जीव टांगणीला लागलाय."

"त्यात नवीन काय असणार, ताई? तुम्ही सगळं आधीच सांगितलंय." तिने हाताचा पालथा पंजा गठ्ठ्याजवळ धरून पाहिला. "हे निवू देत, मग उघडते."